डोळ्यांत कॅचलाईट टाकणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे स्टुडिओवाले आणि घरच्या घरी फोटो सुधारणारे जे प्रश्न सारखे विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न भर उन्हात काढलेल्या फोटोंचे आहेत, म्हणून उत्तरांचा रोखही तिकडेच आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा दिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. कॅचलाईट म्हणजे नक्की काय? डोळ्यांतला पांढरा ठिपका एवढंच ना?

ठिपका दिसतो खरा, पण ते उजेडाच्या जागेचं प्रतिबिंब असतं. बुबुळावर कॉर्नियाचा पारदर्शक, ओला आणि फुगीर पडदा असतो आणि तो छोट्या बहिर्वक्र आरशाचं काम करतो. त्याच्या गोलाईची त्रिज्या सुमारे 7.8 मिलिमीटर. समोर खिडकी असेल तर खिडकी, सॉफ्टबॉक्स असेल तर सॉफ्टबॉक्स आणि मोकळं आभाळ असेल तर आभाळाचा तुकडा त्यात लहान होऊन दिसतो. त्यामुळे कॅचलाईट टाकताना पहिला प्रश्न असा हवा: या माणसासमोर उजेडाची कोणती वस्तू होती, आणि कुठे? त्याचं उत्तर न शोधता टाकलेला ठिपका कितीही सुबक असला तरी उपरा वाटतो.

2. उजेड तर भरपूर होता, मग डोळे मेलेले का दिसतात?

उजेड भरपूर होता, पण चुकीच्या जागी होता. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. इतक्या वरून येणाऱ्या उजेडाचं प्रतिबिंब बुबुळाच्या पार वरच्या कडेला पडायला हवं, पण तिथे वरची पापणी असते. वरून भुवईच्या हाडाची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते, बाई असेल तर पुढे ओढलेला पदर त्यात भर घालतो. ऊन लागून डोळे बारीक झालेले असतात, ते वेगळंच. म्हणून कपाळ आणि नाक चकाकतं, डोळे मात्र काळपट. गिऱ्हाईक तक्रार करतं ती याच फोटोंची: "भाऊ, फोटोमा जीव नही वाटस."

फ्लॅशशिवाय बंद खोलीत, चारी बाजूंनी सारखा उजेड असतानाही डोळे सपाट दिसतात. तिथे प्रतिबिंब असतं, पण सगळीकडे सारखंच फिकट असल्याने ठसत नाही.

3. चमक बुबुळात नेमकी कुठे ठेवायची? दहा वाजता की दोन वाजता?

दोन्ही चालतात. कोणती ठेवायची ते फोटोतल्या सावल्या सांगतात. नाकाची सावली पाहा. ती आपल्या उजवीकडे खाली पडली असेल, तर उजेड डावीकडून वरून आहे आणि चमक दोन्ही डोळ्यांत डावीकडे वर, म्हणजे दहा-अकराच्या जागी येते. नाकाच्या सावलीच्या विरुद्ध बाजूला चमक, एवढं धरून चाला. सावली नाकाखाली सरळ पडली असेल तर चमक बाराच्या आसपास.

मध्यापासून ती किती दूर ठेवायची, हे उजेडाच्या कोनावर ठरतं. बुबुळाचा दिसणारा व्यास साधारण 12 मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत 6. कॅमेऱ्याच्या दिशेपासून उजेड 30 अंश बाजूला किंवा वर असेल, तर चमक या 6 मिलिमीटरच्या एक तृतीयांशावर पडते आणि 45 अंशांवर बरोबर निम्म्यावर. 75 अंशांवर ती जवळजवळ चार पंचमांश वर सरकते, म्हणजे पापणीखाली जाते. दुपारच्या उन्हात चमक का हरवते, त्याचा हिशोब हाच. गणित करायचं असेल तर सूत्र असं:

```
मध्यापासून अंतर (मिमी) = 7.8 × sin(कोन ÷ 2)
```

4. चमक किती मोठी आणि कोणत्या आकाराची असावी?

आकार उजेडाच्या वस्तूचा. खिडकीला चौकोन, छत्रीला गोल, दारातून येणाऱ्या उजेडाला उभा आयत. आकाराचा ढोबळ हिशोब असा: उजेडाच्या वस्तूची रुंदी भागिले तिचं अंतर, गुणिले 3.9. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं आणि ते 12 मिलिमीटरच्या बुबुळाशी ताडून पाहायचं. 60 सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स 120 सेंटीमीटरवर असेल तर चमक सुमारे 2 मिलिमीटर, म्हणजे बुबुळाचा सहावा हिस्सा. चार फुटी खिडकी सहा फुटांवर असेल तर साधारण पाचवा हिस्सा. कॅमेऱ्यावरचा उघडा फ्लॅश दोन मीटरवर असेल तर मात्र सुई टोचल्याएवढा बिंदू उमटतो.

नवखे लोक बहुधा मोठ्या चमकेने फसतात. स्क्रीनवर 300 टक्के मोठं करून बघताना जे छान दिसतं, ते पूर्ण फोटोत काचेचे डोळे बसवल्यासारखं दिसतं. बुबुळाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा मोठी चमक टाकायची तर समोर खरोखरच मोठं दार किंवा मोठी खिडकी होती का, ते आधी पाहा.

5. फोटोशॉपमध्ये सगळी पद्धत एका उदाहरणावर सांगा.

उदाहरण नेहमी येणारं घेऊ. रावेरकडच्या केळीच्या शेतात दुपारी काढलेला आजोबांचा फोटो. पांढरी टोपी, अर्धा देह, 12 बाय 18 इंचाच्या फ्रेमसाठी 300 च्या रिझोल्यूशनला तयार करायचा. नाकाची सावली आखूड आणि सरळ खाली. डोळे भुवयांच्या सावलीत, चमक अजिबात नाही.

आधी मोजणी. `Ruler Tool` ने बुबुळाची रुंदी मोजली तर 60 पिक्सेल आली. म्हणजे 1 मिलिमीटरला 5 पिक्सेल. सूर्य डोक्यावर असल्याने सूर्याची टोकदार चमक इथे येऊच शकत नाही, ती टाकली की फोटो खोटा पडतो. पण आजोबांच्या समोर, केळीच्या दोन रांगांमधल्या वाटेवर मोकळं आभाळ आहे आणि फोटोत आपल्या डावीकडचा गाल किंचित उजळ आहे. म्हणजे समोरून थोडा डावीकडून, साधारण 30 अंश वरून मऊ उजेड येतोय असं धरलं. प्रश्न 3 च्या हिशोबाने चमक मध्यापासून 2 मिलिमीटर, म्हणजे 10 पिक्सेलवर आणि अकराच्या दिशेला. मध्यापासून 5 पिक्सेल डावीकडे आणि 9 पिक्सेल वर, अशी जागा ठरली.

आता काम. `Ctrl+Shift+N` ने नवा लेयर घ्या. फोटोच्या लेयरवर थेट रंगवू नका. `B` दाबून ब्रश घ्या, `Hardness` 60 टक्के ठेवा. रंग शुद्ध पांढरा नको. आभाळाचा उजेड किंचित निळसर असतो, म्हणून `#DCE4EA`. खिडकीतून उन्हाची तिरीप असती तर `#F6EFE0` सारखा पिवळट घेतला असता. ठरल्या जागी 10 पिक्सेल रुंद आणि 7 पिक्सेल उंच असा आडवा, कडा थोड्या वेड्यावाकड्या असलेला ठिपका काढा. केळीच्या पानांमधून दिसणारं आभाळ काही गुळगुळीत अंडाकृती नसतं.

मग `Filter > Blur > Gaussian Blur`, `Radius` 0.8 पिक्सेल. किती धूसर करायचं ते पापण्यांच्या केसांवरून ठरवा. केस जितके टोकदार, तितकीच चमकेची कड टोकदार. लेयरची `Opacity` 65 टक्क्यांवर आणा. आजोबांची पापणी ओघळलेली आहे, मध्यापासून जेमतेम 12 पिक्सेलवर तिची कड आहे. म्हणजे ठिपक्याचा वरचा अर्धा-एक पिक्सेल पापणीवर चढतो. तिथे लेयर मास्क घालून काळ्या ब्रशने तेवढा कापा. हा लहानसा काप फार काम करतो, चमक पापणीच्या आत गेल्यासारखी दिसते.

दुसऱ्या डोळ्यासाठी तिथला मध्य पुन्हा मोजा आणि तिथून तेच 5 आणि 9 पिक्सेल घ्या. शेवटी `Ctrl+0` ने पूर्ण फोटो समोर आणा आणि दोन्ही लेयर डोळ्याच्या चिन्हावरून बंद-चालू करून बघा. चालू केल्यावर नजर आधी आजोबांच्या चेहऱ्याकडे जायला हवी. ती थेट ठिपक्याकडे जात असेल तर `Opacity` अजून दहा टक्के उतरवा.

6. चमक टाकली, पण चिकटवल्यासारखी दिसते. काय चुकतं?

बहुतेक वेळा चार गोष्टींपैकी एक.

पहिली, चमक फोटोतल्या सगळ्यात उजळ भागापेक्षाही पांढरी झालेली असते. वरच्या उदाहरणात उन्हातली टोपी सगळ्यात उजळ आहे, सावलीतल्या डोळ्यांतली चमक तिच्या पुढे जाता कामा नये. `Eyedropper` ने दोन्हींचे आकडे बघा.

दुसरी, फोटोत ग्रेन आहे आणि चमक गुळगुळीत आहे. जास्त आयएसओवर रात्री मांडवात काढलेल्या फोटोंत हे लगेच उघडं पडतं. चमकेच्या लेयरवर `Filter > Noise > Add Noise` मधून 2 ते 4 टक्के नॉइज, `Monochromatic` वर टिक करून.

तिसरी, चमकेची कड पापणीवर किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर सांडलेली असते. चौथी, खुद्द फोटोच फोकसमध्ये नाही. डोळा धूसर आणि चमक टोकदार असा मेळ बसत नाही. अशा फोटोत चमकेलाही तेवढंच धूसर करावं लागतं आणि फरक थोडाच पडतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाका.

7. एका डोळ्यातली चमक कॉपी करून, उलटी फिरवून दुसऱ्यात टाकली तर चालेल का?

कॉपी चालेल, उलटी फिरवणं चालणार नाही. `Flip Horizontal` केलं की एका डोळ्यात चमक दहा वाजता आणि दुसऱ्यात दोन वाजता जाते, आणि चांगल्या माणसाचे डोळे तिरळे दिसू लागतात. हा भास उगाच होत नाही. डोळ्यांचे डॉक्टर तिरळेपणा तपासताना हेच बघतात: समोर छोटी बॅटरी धरायची आणि तिचं प्रतिबिंब दोन्ही बुबुळांत सारख्या जागी पडतंय का ते पाहायचं. तिला हिर्शबर्ग चाचणी म्हणतात. तिथे एक मिलिमीटरचा फरकही तिरळेपणाची खूण धरतात. प्रश्न 5 मधल्या फोटोत एक मिलिमीटर म्हणजे अवघे 5 पिक्सेल.

तरी दोन्ही चमका अगदी एका साच्यातल्या नकोत. माणूस कॅमेऱ्याकडे बघत असताना प्रतिबिंब प्रत्येक डोळ्यात बाहुलीच्या मध्यापेक्षा किंचित नाकाकडे पडतं, म्हणून एखाद-दोन पिक्सेलचा फरक नैसर्गिकच आहे. एकीकडे पापणी जास्त कापत असेल तर तोही फरक ठेवा.

8. बुबुळं काळीभोर आहेत. नुसत्या चमकेने जीव येतो का?

अर्धाच. खऱ्या डोळ्यात उजेड कॉर्नियातून आत शिरतो आणि बुबुळाचा पलीकडचा भाग उजळवतो. चमक अकरा वाजता असेल तर हा उजाळा पाचच्या बाजूला, चंद्रकोरीसारखा पसरलेला असतो. आपल्याकडच्या गडद तपकिरी बुबुळांत तो मंद असतो, पण असतो, आणि त्यानेच बाहुली आणि बुबुळ वेगळे ओळखू येतात.

त्यासाठी `Layer > New Adjustment Layer > Curves` घ्या, मधला बिंदू 128 वरून 150 च्या आसपास उचला, मग मास्क निवडून `Ctrl+I` दाबा म्हणजे परिणाम लपेल. आता पांढरा मऊ ब्रश, `Flow` 10 टक्के, आणि चमकेच्या विरुद्ध बाजूने दोन-तीन हलके फटकारे. बाहुलीवर आणि बुबुळाच्या बाहेरच्या काळ्या कडेवर ब्रश जाऊ देऊ नका, ती काळी राहिली तरच डोळ्याला खोली येते.

डोळ्याचा पांढरा भाग मात्र सहसा सोडून द्या. वरच्या पापणीची सावली त्यावर असतेच. ती पुसली की डोळे बटणासारखे दिसतात.

9. माणूस कॅमेऱ्याकडे न बघता बाजूला बघतोय. तेव्हा चमक बुबुळाबरोबर सरकते का?

सरकते, पण बुबुळाएवढी नाही. डोळा आपल्या डावीकडे वळला की बुबुळ बरंच डावीकडे जातं, प्रतिबिंब थोडंच. परिणामी बुबुळाच्या मध्यापासून बघितलं तर चमक नजरेच्या उलट दिशेला सरकलेली दिसते. वरमाला घालताना खाली बघणाऱ्या नवरीच्या डोळ्यांत चमक बाहुलीवरून वरच्या पापणीकडे जाते आणि बऱ्याचदा दिसेनाशी होते. तिथे ती टाकू नका. खाली झुकलेल्या नजरेत चमक नसणं हेच खरं आहे.

10. एका डोळ्यात चमक आहे, दुसऱ्यात नाही. दुसऱ्यात टाकावी का?

चेहरा तिरका असेल आणि दुसरा डोळा नाकाच्या सावलीत असेल तर नाही. त्या डोळ्यापर्यंत उजेड पोहोचलाच नाही, मग प्रतिबिंब कुठून येणार? फार तर आहे त्या चमकेच्या एक तृतीयांश `Opacity` ने मंद उजाळा द्या.

दोन्ही गालांवर उजेड सारखा असेल आणि तरी एकीकडे चमक नसेल, तर कारण बहुतेक लवलेली पापणी असते. तिथे आहे ती चमक कॉपी करून, पापणीने कापून टाकता येते.

11. डोळ्यांत दोन-तीन चमका आहेत. त्या वाढवायच्या की काढायच्या?

मांडवात हॅलोजन, व्हिडिओवाल्याचा लाईट आणि फ्लॅश असं तिन्हींचं प्रतिबिंब येतं आणि नजर विखुरते. मुख्य उजेडाची चमक ठेवा, बाकीच्या `Clone Stamp` ने शेजारचं बुबुळ घेऊन पुसा किंवा निम्म्याने मंद करा. खालच्या बाजूला पांढऱ्या कपड्याची किंवा थर्माकोलची फिकट चमक असेल तर ती राहू द्या, ती मुख्य चमकेला मारत नाही.

12. चष्मा घातलेला आहे. काचेवर चकाकी आणि आत डोळे काळे.

काचेवरच्या चकाकीला कॅचलाईट समजू नका, ती वेगळी आहे आणि वेगळ्या जागी आहे. आधी ती कमी करा. मग डोळ्यातली चमक नेहमीपेक्षा मंद ठेवा, कारण ती काचेआडून दिसते. जाड नंबराच्या काचेत डोळा लहान किंवा मोठा दिसतो, म्हणून बुबुळ जसं दिसतंय तसं मोजून घ्या.

13. जुना कृष्णधवल फोटो स्कॅन करून श्रद्धांजलीसाठी मोठा करायचा आहे. त्यात चमक टाकावी का?

आधी मूळ फोटो भिंगाखाली बघा. जुने रिटचर ब्रशने डोळ्यांत पांढरा ठिपका देत असत, तो असेल तर तोच स्वच्छ करा, दुसरा टाकू नका. नसेल तर निदान 600 डीपीआयला स्कॅन करा. बुबुळ 15 पिक्सेलपेक्षा लहान आलं तर आकाराला वावच राहत नाही, एक-दोन पिक्सेलचा फिकट बिंदू पुरे. रंग तटस्थ राखाडी, फोटो पिवळटलेला असेल तर त्याच छटेचा. ग्रेन जुळवायचा तो प्रश्न 6 प्रमाणे.

मिटलेले डोळे उघडून द्या, अशीही मागणी येते. ते कॅचलाईटचं काम नाही. दुसऱ्या फोटोतले डोळे बसवावे लागतात आणि घरच्यांना ते लगेच परके वाटतात. त्यापेक्षा घरात दुसरा फोटो शोधायला सांगा.

14. फोटोशॉप नाही. GIMP किंवा मोबाईलवर होईल का?

GIMP मध्ये प्रश्न 5 ची पद्धत जवळजवळ तशीच होते: नवा लेयर `Ctrl+Shift+N`, ब्रश `P`, धूसर करायला `Filters > Blur > Gaussian Blur`. मोबाईलवर Snapseed च्या `Brush` मधलं `Dodge & Burn` मुळात असलेली मंद चमक उजळवायला ठीक आहे, नसलेली चमक तिथे नीट तयार होत नाही.

15. पासपोर्टच्या किंवा स्पर्धेच्या फोटोत टाकली तर?

पासपोर्ट आणि ओळखपत्राच्या फोटोत काहीही बदल करू नका, फोटो नाकारला जाऊ शकतो. बातमीच्या फोटोत आणि छायाचित्र पत्रकारितेच्या स्पर्धांत नसलेली गोष्ट भरणं नियमात बसत नाही. मुळात असलेली चमक किंचित उजळवणं वेगळं, पण तिथेही त्या स्पर्धेचा नियम वाचून घ्या.

16. पुढच्या वेळी काढतानाच चमक यावी म्हणून काय करावं?

माणसाला उन्हातून उठवून ओट्यावर किंवा दाराच्या आत एक मीटरवर, तोंड बाहेर करून उभं करा. मागे अंधारी खोली आणि समोर उजळ अंगण. दार तीन फुटी असेल तर प्रश्न 4 च्या हिशोबाने चमक बुबुळाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याएवढी येते, भरघोस आणि खरी. शेतातच काढायचा असेल तर झाडाच्या सावलीच्या कडेला, सावलीच्या आत उभं करून तोंड मोकळ्या आभाळाकडे करा. सावली मिळतच नसेल तर दोन बाय तीन फुटी थर्माकोल छातीच्या उंचीवर, चेहऱ्यापासून दोन फुटांवर धरायला एखाद्याला सांगा. चमक खालच्या बाजूला येईल, पण डोळ्यांच्या खोबणीतला काळोख निघेल. थर्माकोलवरचं ऊन थेट डोळ्यांत जाऊ देऊ नका, माणूस डोळे आणखी बारीक करतो आणि मग कोणत्याही चमकेला जागाच उरत नाही.